जेवण मोजलं, ग्लास राहिला: एका कंबरेच्या घेराचं प्रकरण

नाशिकच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन सुपरवायझर असलेले गृहस्थ पत्नीसोबत माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी बदलले आहेत.) वय 43, उंची 170 सेंटिमीटर, वजन 81 किलो. हातपाय बारीक, चेहराही फार भरलेला नाही, पण शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 268 आलं होतं, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती आणि डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ असं सांगून आहारासाठी माझ्याकडे पाठवलं होतं.

त्यांची तक्रार अगदी सरळ होती. ‘मॅडम, साखर सोडली, रात्रीचा भात सोडला, रोज पाऊण तास चालतो. पोट जागचं हलत नाही.’

पँटचा नंबर दहा वर्षं 34च आहे, हेही त्यांनी सांगितलं. हा गैरसमज इतक्या वेळा ऐकायला मिळतो की तो आधी बाजूला करते. पोट सुटलं की पुरुष पट्टा पोटाच्या खाली बांधायला लागतात. नंबर तोच राहतो आणि पोट पट्ट्यावरून पुढे येतं. घेर मोजायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, टेप आडवी सरळ ठेवून, सहज श्वास सोडल्यावर. असा मोजला तेव्हा आकडा आला 101. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या वर गेलं की पोटातली चरबी जास्त मानतात.

मी त्यांना चार आठवडे जेवणाची डायरी ठेवायला सांगितली. त्यांनी ती मनापासून ठेवली. पोळ्या किती, भाजीत तेल किती, कंपनीच्या कँटीनमध्ये काय खाल्लं, सगळं. हिशोब केला तर दिवसाला सरासरी साडेअठराशे कॅलरी येत होत्या. त्यांच्या वयाच्या, वजनाच्या आणि कामाच्या माणसाला वजन आहे तिथेच ठेवायला सुमारे तेवीसशे लागतात. म्हणजे रोज साडेचारशेची तूट. चार आठवड्यांत दीड किलो तरी उतरायला हवं होतं. काटा 81वरच होता आणि टेप 101वर.

अशा वेळी माणूस खोटं लिहितोय असा संशय घेणं सोपं असतं. मला तसं वाटलं नाही. डायरीत ‘दोन बिस्किटं, लाज वाटली’ असं लिहिणारा माणूस पोळी लपवत नाही.

चूक माझ्या पहिल्या फॉर्ममध्ये होती. त्यात एक रकाना होता, ‘व्यसन: आहे / नाही’. त्यांनी ‘नाही’वर खूण केली होती, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. रोज पिणारा, कामावर खाडे करणारा, घरात भांडणारा तो व्यसनी. आपण तसे नाही, मग ‘नाही’. खरी गोष्ट त्यांच्या पत्नीनं उघड केली. चौथ्या आठवड्याला टेप पुन्हा 101 दाखवत होती, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘अहो, शुक्रवारचं सांगा ना त्यांना.’

ते म्हणाले, ‘अगं, ते काय खाणं आहे का?’

त्या एका वाक्यात सगळं प्रकरण होतं. डायरी खाण्याची होती आणि दारू त्यांच्या लेखी खाणं नव्हतीच. त्या दिवसापासून मी ‘व्यसन’ हा रकाना काढून टाकला. आता विचारते, आठवड्यातून किती वेळा बसता, कुणाबरोबर, कुठली बाटली, आणि ती किती जणांत संपते. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ‘दोन पेग घेतो’ या उत्तराला काही अर्थ नसतो. बाटली आणि डोकी मोजली की खरा आकडा मिळतो.

त्यांचं उत्तर असं होतं. बुधवारी रात्री घरी दोन पेग व्हिस्की, कोल्ड्रिंक घालून. शुक्रवारी मित्राच्या गच्चीवर तिघांत एक खंबा, म्हणजे 750 मिलीची बाटली. रविवारी दुपारी मटणाच्या आधी दोन बाटल्या स्ट्राँग बिअर. यात जगावेगळं काही नाही. त्यांच्या वयाच्या किती तरी नोकरदार पुरुषांचा आठवडा असाच जातो.

हिशोब ग्लासाचा

दारूतल्या कॅलरी मोजायला पुस्तक लागत नाही, बाटलीवरचा टक्का पुरतो. आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, ब्रँडी, व्होडकावर 42.8 टक्के असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ 100 मिलीत 42.8 मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्याच्या एका मिलीचं वजन सुमारे 0.79 ग्रॅम, आणि एका ग्रॅममधून सुमारे 7 कॅलरी मिळतात. पिठात किंवा साखरेत ग्रॅमला 4 मिळतात आणि तेलातुपात 9. म्हणजे अल्कोहोल साखरेपेक्षा तेलाच्या जवळचं आहे. ते पाण्यासारखं पातळ आणि गोडीही नसलेलं, म्हणून कुणाला तसा संशय येत नाही.

सोपी रीत अशी: किती मिली प्यायलात त्याला टक्क्यानं गुणा, शंभरानं भागा, आलेल्या आकड्याला साडेपाचनं गुणा. 60 मिलीचा लार्ज घेतला तर 60 गुणिले 42.8 भागिले 100 म्हणजे पावणेसव्वीस मिली अल्कोहोल. गुणिले साडेपाच, 141 कॅलरी. नुसत्या दारूच्या. पाण्यातून घ्या, सोड्यातून घ्या किंवा बर्फावर घ्या, या 141 कुठे जात नाहीत.

रंगाचाही संबंध नाही. त्यांचा एक मित्र गोव्याहून काजू फेणी आणायचा आणि ती ‘औषधी असते, चढत नाही पोटावर’ असं सांगायचा. त्या बाटलीवरही 42.8 टक्केच छापलेलं होतं. टक्का तोच तर कॅलरीही त्याच.

आता त्यांचा बुधवार. ‘दोन पेग’ म्हणजे नेमके किती, हे पाहायला मी त्यांना क्लिनिकमधला साधा काचेचा ग्लास आणि पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, घरी ओतता तसं ओता. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, दोन बोटं आडवी लावली आणि सवयीनं, न थांबता ओतलं. हात इतका सराईत होता की थेंबही बाहेर पडला नाही. मग ते पाणी मी मापाच्या भांड्यात ओतलं. 85 मिली. त्यांना खरं वाटेना, म्हणून त्यांनी पुन्हा ओतलं. 88 आलं.

बारमध्ये पेग मापानं भरतात, 30चा स्मॉल, 60चा लार्ज. घरी बोटांनी भरतात, आणि दोन बोटांत किती मावेल हे ग्लासाच्या तळाच्या रुंदीवर ठरतं. म्हणजे त्यांचे घरचे ‘दोन’ खरं तर जवळजवळ तीन होते. एका पेगच्या 200 धरून दोनाच्या 400 कॅलरी, वर कोल्ड्रिंक 300 मिली. कोल्ड्रिंकच्या 100 मिलीत दहा ग्रॅमच्या वर साखर असते, तेव्हा त्याच्या सव्वाशे. बुधवार झाला सव्वापाचशेचा. ज्यांनी चहातली साखर सोडली होती त्यांनी त्या एका रात्री सहा-सात चमचे साखर ग्लासातून घेतली होती.

शुक्रवारी 750 भागिले 3, माणशी 250 मिली. रीत लावली की 590 कॅलरी, अधिक 600 मिली कोल्ड्रिंकच्या 250. एकूण 840.

रविवारच्या बिअरला हीच रीत लागते, फक्त एक भर घालावी लागते. स्ट्राँग बिअरवर ‘8 टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. 650 मिलीच्या बाटलीत त्या हिशोबानं 52 मिली अल्कोहोल, म्हणजे 286 कॅलरी. पण बिअर धान्याची असते आणि आंबवल्यावरही त्यातलं थोडं पीठूळ शिल्लक राहतं, त्याच्या आणखी पाऊणशे. बाटली झाली 360ची. दोन बाटल्या 720.

आठवड्याची बेरीज दोन हजारांच्या वर गेली, आणि अजून चकणा मोजलेला नव्हता. बुधवारचे मसाला शेंगदाणे एक मूठ, साधारण 50 ग्रॅम, त्याचेच 280. शुक्रवारी शेव, चिवडा आणि तळलेलं चिकन. रविवारी बिअरबरोबर कांदाभजी. कमीत कमी धरून अकराशे. सगळं मिळून बत्तीसशेच्या आसपास.

डायरीत रोज दिसणारी साडेचारशेची तूट सातानं गुणली तर 3,150 होते. म्हणजे आठवडाभर भात सोडून आणि साखर सोडून जे वाचवलं ते तीन बैठकांत परत आलं होतं. आकडे इतके जुळले हा योगायोग आहे, दोन्ही बाजूंचे अंदाज दोन-चारशेनं इकडेतिकडे होऊ शकतात. पण काटा का हलत नव्हता याचं उत्तर त्यात होतं. ते कागदाकडे बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, ‘आणि मी रात्रीचा भात सोडला होता हो.’

पोट भरलं असं का वाटत नाही

नुसत्या कॅलरी जास्त आहेत एवढंच असतं तर गोष्ट इथेच संपली असती. तूपही कॅलरीनं भरलेलं असतं, पण तुपाची वाटी कुणी पिऊन टाकत नाही. तीन-चार चमच्यांनंतर जीव नको म्हणतो. दारूच्या बाबतीत हे ‘नको’ येतच नाही.

शुक्रवारच्या 590 कॅलरी म्हणजे सुमारे पाच पोळ्या. त्यांना मी विचारलं, पाच पोळ्या नुसत्या खाल्ल्यावर तुम्ही चिकन खाल का? ते म्हणाले, शक्यच नाही. पण 250 मिली व्हिस्कीनंतर त्यांनी चिकन, चिवडा आणि घरी येऊन पुन्हा भाकरी-भाजी खाल्ली होती, आणि ती भाकरी डायरीत ‘एकच’ म्हणून प्रामाणिकपणे लिहिलीही होती.

पोट भरल्याची जाणीव बऱ्याच गोष्टींची मिळून होते. घास चावला जातो, पोट ताणलं जातं आणि काही वेळ ताणलेलं राहतं, प्रथिनं आणि चोथा आतड्यात पोचले की तिथून मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. दारूत चावायला काही नाही, प्रथिनं नाहीत, चोथा नाही. पातळ असल्यामुळे ती पोटात रेंगाळत नाही. बिअरनं पोट तात्पुरतं फुगतं, पण ते पाणी आणि गॅस. दोनदा लघवीला जाऊन आलं की जागा पुन्हा रिकामी. शरीराला या कॅलरी आल्याची नोंदच नीट होत नाही, त्यामुळे पुढच्या जेवणात आपोआप कमी खाल्लं जात नाही. प्यायलेलं हे जेवणाच्या जागी येत नाही, जेवणाच्या वर येऊन बसतं.

त्याच्याही पुढची गोष्ट अशी की दारू भूक वाढवते. जेवणाआधी थोडी घेतली की माणूस जास्त जेवतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. उंदरांना तीन दिवस अल्कोहोल दिलं, आणि त्या दिवसांत ते जास्त खायला लागले. मेंदूत भुकेचा इशारा देणाऱ्या ज्या पेशी एरवी उपाशीपोटी जाग्या होतात त्याच पेशी अल्कोहोलनं जाग्या झाल्या होत्या. त्या पेशी बंद पाडल्यावर जास्तीचं खाणं थांबलं. उंदीर मित्रांच्या आग्रहानं खात नाहीत, चकण्याची प्लेट समोर आहे म्हणूनही खात नाहीत. तेव्हा ‘प्यायलं की हातच राहत नाही’ हा फक्त मनाचा कमकुवतपणा आहे असं समजून स्वतःला कोसण्यात अर्थ नाही. कॅलरी पोटात असताना शरीर उपाशी असल्यासारखं वागतं.

वर चकणा असतो खारट. मिठानं तहान लागते आणि तहानेला समोर ग्लास असतो.

रात्रपाळी

आता पोटाच्या चरबीकडे येते. ‘दारूची चरबी होते’ असं सर्रास बोललं जातं. तसं थेट फारच थोडं होतं. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी माणसांना 24 ग्रॅम अल्कोहोल देऊन त्याचा माग काढला, तर पाच टक्क्यांहूनही कमी भागाची चरबी झालेली आढळली. पण त्याच वेळी शरीरातलं चरबी जाळण्याचं काम दोन तृतीयांशाहून अधिक घटलं होतं. म्हणजे दारू स्वतः फारशी साठत नाही, ती बाकीच्यांना जळू देत नाही.

त्याचं कारण समजायला सोपं आहे. पीठ-साखर शरीरात साठवता येते, यकृतात आणि स्नायूंत तिची कोठारं असतात. तेल-तूप साठवता येतं. अल्कोहोलला कोठार नाही, आणि ते विषारी असल्यामुळे रक्तात फिरत ठेवणंही परवडत नाही. म्हणून यकृत हातातलं काम सोडून आधी ते घेतं. त्याचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. हे ॲसिटेट रक्तातून सगळ्या शरीरात जातं आणि स्नायू तेच जळण म्हणून वापरतात. तयार जळण दारात आलेलं असताना चरबी कोण काढणार? चकण्यातलं तेल आणि भाकरीतलं जास्तीचं पीठ मग थेट साठवणीत जातं.

सुपरवायझर माणसाला हे त्यांच्याच भाषेत सांगितलं. लाइनवर अर्जंट ऑर्डर आली की बाकीचा माल गोडाऊनमध्ये जातो. ते लगेच म्हणाले, ‘किती वेळ चालते ही ऑर्डर?’ प्रश्न अगदी नेमका होता. साधारण 80 किलोच्या माणसाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं. हा वेग कॉफीनं, लिंबूपाण्यानं किंवा गार पाण्याच्या अंघोळीनं वाढत नाही. शुक्रवारच्या 250 मिलीत 84 ग्रॅम होतं. म्हणजे रात्री साडेआठला सुरू केलेली बैठक यकृतासाठी सकाळी सात-साडेआठपर्यंत चालू होती. (सकाळी गाडी चालवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःचा करून पाहावा.)

आणि रात्र हीच चरबी जळण्याची खरी वेळ. झोपेत आठ-नऊ तास पोटात काही जात नाही, तेव्हा शरीर मोठ्या प्रमाणावर साठवलेल्या चरबीवर चालतं. आठवड्यातल्या सातपैकी बुधवार-शुक्रवारच्या दोन रात्रपाळ्या आणि रविवारचा बराच मोठा भाग दारूनं अडवलेला होता.

मग ही साठवण पोटावरच का? इथे दारूला सगळा दोष देता येत नाही. चरबी कुठे बसणार हे बरंचसं लिंग, वय आणि वंश ठरवतात. पुरुषांची पोटात आणि आतड्यांभोवती आधी साठते. बायकांची तरुणपणी नितंब-मांड्यांवर आणि पाळी थांबल्यावर पोटावर. आपल्या भागातल्या लोकांची तर कमी वजनातही पोटातच जास्त. बिअरनंच ढेरी येते असंही नाही. तेवढंच अल्कोहोल आणि तेवढाच चकणा व्हिस्कीबरोबर घेतला तर पोट तसंच वाढतं. शरीराच्या साठवणीची पहिली खोली जिथे असेल तिथे माल पडतो, आणि चाळिशीतल्या पुरुषाची ती खोली पोट असते. यकृतावर मात्र दारूचा वेगळा, थेट परिणाम होतो. चरबी जळणं थांबल्यावर ती यकृताच्या पेशींतच साचते आणि रक्तात ट्रायग्लिसराइडच्या रूपानं वाढते. त्यांच्या तपासणीत हे दोन्ही दिसत होतं.

त्या 268च्या आकड्याबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. कंपनीची तपासणी सोमवारी सकाळी झाली होती, म्हणजे रविवारच्या बिअर-मटणानंतर. ट्रायग्लिसराइड आदल्या दिवशीच्या दारूनं चांगलंच चढतं. पुढची तपासणी आम्ही बुधवार बंद केल्यावर शुक्रवारी सकाळी करून घेतली, चार दिवस काहीही न घेता आणि रात्रभर उपाशी राहून. तरीही ते 214 आलं. म्हणजे थोडं सोमवारचं होतं, बाकीचं खरं होतं.

काय बदललं, काय फसलं

त्यांना पूर्ण सोडायचं नव्हतं. माझं मत मी स्पष्ट सांगितलं की यकृतावर चरबी असताना सोडणंच चांगलं, आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. पण त्यांना जे जमणार नव्हतं त्याचा तक्ता करून देण्यात अर्थ नव्हता. आधी एक गोष्ट विचारून घेतली: सकाळी हात थरथरतात का, न घेतल्यास घाम येतो का, झोप लागत नाही का. यातलं काही असतं तर प्रमाण कमी करण्याचं काम माझं नव्हतं, एकदम बंद करणंही धोक्याचं ठरलं असतं आणि त्यांना आधी डॉक्टरांकडे परत पाठवावं लागलं असतं. तसं काही नव्हतं.

बुधवार पूर्ण बंद. शुक्रवारी साडेसातला घरी जेवून जायचं, दोन भाकरी, उसळ, ताक, आणि मग मापानं भरलेले दोन लार्ज, सोड्यातून. चकणा म्हणून काकडी, उकडलेली अंडी, भाजलेले चणे. रविवारी एकच बाटली. एवढ्यानं आठवड्याला तेवीसशेच्या आसपास कॅलरी वाचणार होत्या, जेवणाला हात न लावता. उलट रात्रीचा वाटीभर भात मी त्यांना परत दिला.

पहिले दोन आठवडे फसले. त्यांनी कोल्ड्रिंकच्या जागी सोडा घेतला, पण मित्रांनी टॉनिक वॉटर आणलं आणि ते त्यांनी सोडाच समजून घेतलं. टॉनिक कडवट लागतं म्हणून बिनसाखरेचं वाटतं, पण साध्या टॉनिकमध्ये साखर असते, कोल्ड्रिंकपेक्षा थोडीच कमी. दुसरी चूक जास्त गंभीर होती. दोन लार्जच्या कॅलरी ‘ॲडजस्ट’ करायला ते शुक्रवारी दुपारपासून जेवलेच नाहीत. रिकाम्या पोटी दारू झपाट्यानं चढली, अकरा वाजता इतकी भूक लागली की रस्त्यावरच्या गाडीवर दोन प्लेट भुर्जी-पाव खाल्ला. त्यांना मधुमेह नव्हता म्हणून एवढ्यावर निभावलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या माणसानं उपाशीपोटी दारू घेतली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते, कारण अल्कोहोलमध्ये गुंतलेलं यकृत नवीन साखर तयार करू शकत नाही. आणि घसरलेली साखर व नशा बाहेरून सारखीच दिसते, त्यामुळे सोबतचे लोक ‘झोपू द्या’ म्हणतात.

तिसरा घोटाळा काट्याचा. ते उत्साहानं रोज वजन करायला लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की शनिवारी सकाळी आपण अर्धा-पाऊण किलोनं कमी असतो. त्यांचा निष्कर्ष, ‘शुक्रवारचं अंगी लागत नाही.’ दारूनं लघवी जास्त होते, कारण शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन दबतं. शनिवारी गेलेलं वजन ते पाणी होतं. रविवारी चकण्याच्या मिठानं तेच पाणी, वर थोडं जास्तीचं, परत यायचं. आम्ही वजनाचा दिवस गुरुवार ठरवला, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. घेर महिन्यातून एकदाच.

तिसऱ्या आठवड्यापासून गाडी रुळावर आली, आणि त्यात मोठा वाटा त्यांच्या पत्नीचा. त्यांनी घरातल्या एका ग्लासात औषधाच्या मापानं 60 मिली पाणी मोजून ओतलं आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. शुक्रवारी ते तो ग्लास कागदात गुंडाळून गच्चीवर घेऊन जायचे. पहिल्यांदा मित्र खूप हसले. दुसऱ्या महिन्यात त्यातल्या एकानं आपल्या ग्लासावर तशीच रेघ मारून मागितली.

बारा आठवड्यांनी वजन 78 किलोच्या थोडं खाली होतं. घेर 101वरून 97वर. ट्रायग्लिसराइड, पुन्हा चार दिवस न घेता, 171. मधल्या काळात एका लग्नाच्या हळदीला दोन दिवस सगळं सुटलं होतं आणि काटा दीड किलोनं वर गेला होता. त्यातलं बहुतेक पाच दिवसांत उतरलं, ते पाणीच होतं.

घेर अजून 90च्या वर आहे आणि सोनोग्राफी सहा महिन्यांनी परत करायची आहे. रविवारची ती एक बाटली अजून चालू आहे. गेल्या भेटीत त्यांनी स्वतःच हिशोब करून आणला होता: वर्षाच्या 52 बाटल्या गुणिले 360. कागद माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, ‘मॅडम, याचे किलो किती होतात ते तुम्ही सांगा.’ मी 7,700नं भागलं. अडीच किलोला थोडं कमी. त्यांनी तो आकडा कागदावर लिहून घेतला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.